बाजार पडेल, मग घेऊ

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडं सोयाबीन घरात ठेवून भावाची वाट बघणारे पुष्कळ. शेअर बाजारात वाट उलटी बघतात. "पडू द्या, मग घेऊ," असं लातूरच्या मोंढ्यातही ऐकू येतं.

समजा, दोन भाऊ आहेत. 2013 संपताना दोघांकडं एकेक लाख रुपये आहेत आणि सेन्सेक्स आहे 21 हजार 170. धाकट्यानं त्याच दिवशी सेन्सेक्सबरोबर वरखाली होणारा इंडेक्स फंड घेतला. थोरला म्हणाला, बाजार महाग आहे, पडेपर्यंत पैसे एफडीत ठेवतो. व्याज सात टक्के धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून कर आणि लाभांश दोन्ही सोडून देऊ.

थोरल्याचं म्हणणं खरं ठरलं. बाजार पडला, आणि चांगलाच पडला. 23 मार्च 2020 ला, जनता कर्फ्यूच्या दुसऱ्याच दिवशी, सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्के खाली आला. मध्ये पाऊण तास व्यवहार थांबवावे लागले. जानेवारीत 42 हजारांच्या घरात असलेला आकडा 25 हजार 981 वर बंद झाला.

आता नीट ऐका. एवढं पडूनही हा आकडा 2013 च्या आकड्यापेक्षा वरच आहे. कारण बाजार पडतो तो शिखरावरून, आणि थोरले वाट बघत होते तेवढ्या वर्षांत शिखरच दुप्पट उंच गेलं होतं. 2013 च्या भावापेक्षा स्वस्त मिळेल म्हणून जो थांबला, त्याला 2014 च्या सुरुवातीचे काही आठवडे सोडले, तर ती संधी मिळालीच नाही.

तरी थोरल्याची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. एफडीत त्याचे दीड लाखाच्या वर झाले होते. नेमक्या त्याच दिवशी त्यानं ते सगळे लावले असते, तर 2020 अखेर, सेन्सेक्स 47 हजार 751 असताना, जवळपास दोन लाख ऐंशी हजार झाले असते. धाकट्याचे सव्वादोन लाख. म्हणजे थोरला जिंकला असता.

पण तो दिवस आठवा. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता देशभर लॉकडाऊन जाहीर झाला. गावाच्या वेशी बंद, माणसं घरात. अशा वेळी एफडी मोडून सगळी पुंजी बाजारात टाकणारा मला तरी माहीत नाही. बहुतेक जण म्हणत होते, "अजून पडेल." समजा, थोरल्यानं जूनच्या सुरुवातीपर्यंत वाट पाहिली. तोवर सेन्सेक्स 33 हजारांच्या पुढं गेला होता. तिथं घेतलं तर वर्षाअखेर त्याचे दोन लाख बावीस हजार. सहा वर्षं राखलेला फायदा दहा आठवड्यांत गेला. आणि घेतलंच नाही, तर एफडीत एक लाख साठ हजार.

याला अपवाद आहे. जानेवारी 2008 मध्ये जो थांबला, त्याला वर्षभरातच निम्म्याहून कमी भाव मिळाला. पण तो जानेवारी शिखराचा आहे, हे तेव्हा कुणाला कळणार? म्हणून दोन-तीन वर्षांत लेकीच्या लग्नाला किंवा बोअरला लागणारा पैसा बाजारात नकोच. बाकीचा एकदम टाकायची भीती वाटत असेल, तर त्याचे बारा भाग करा आणि दर महिन्याची तारीख आजच बँकेला लिहून द्या.