एका शब्दाच्या मेसेजला काय उत्तर द्यायचं?

मित्रहो, विद्यार्थ्याचा मेसेज येतो, ‘फिजिक्स’. बस्स, एवढंच. ना धडा, ना गणित, ना पानाचा फोटो. आपण बहुतेक जण लगेच उलट विचारतो, ‘फिजिक्समधलं काय?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर देता आलं असतं तर त्यानं ते आधीच लिहिलं नसतं का? काही जण याच्या उलट करतात, अख्ख्या धड्याच्या नोट्स पाठवून मोकळे होतात. मुलगा ‘थँक्यू’ म्हणतो आणि जिथे अडला होता तिथेच राहतो.

ग्रंथपालांना हा अनुभव जुना आहे. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी 1968 साली यावर नेमकं लिहून ठेवलं. माणसाची गरज आधी नुसती अस्वस्थता असते, मग मनात धूसर आकार घेते, मग तिचा प्रश्न होतो. आणि समोरच्याला सांगताना तो प्रश्नही आणखी बदलतो, कारण ‘यांच्याकडून काय मिळू शकेल’ याचा अंदाज घेऊनच आपण विचारतो. ‘फिजिक्स’ लिहिणारा मुलगा बहुधा पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असतो. त्याच्याकडे चौथ्या पायरीचा प्रश्न मागून उपयोग नाही.

मग विचारायचं काय? जे त्याला आठवून लगेच सांगता येईल ते. ‘मेसेज करायच्या आधी काय करत होतास? समोर जे पान असेल त्याचा फोटो पाठव, खोडलेलं असलं तरी चालेल.’ खोडलेलं मी मुद्दाम मागतो. नीटनेटक्या पानापेक्षा त्यातच जास्त सापडतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. मुलगा लिहितो, ‘न्यूमेरिकल्स जमत नाहीत.’ इथे थांबलो तर आपण त्याला पन्नास गणितं सोडवायला देऊ. फोटोत मात्र एकच गणित आहे: 30 अंशाच्या उतारावर 2 किलोचा ठोकळा, घर्षणासह, त्वरण काढा. आकृती उत्तम. वजन सरळ खाली, लंब बल पृष्ठभागाला काटकोनात, घर्षण उताराच्या वरच्या दिशेला. म्हणजे त्याला फिजिक्स येतं! चूक पुढच्या ओळीत आहे: N = mg sin θ. g 10 धरला तर त्याचं लंब बल 10 न्यूटन येतं, यायला हवं सुमारे 17.3. त्यावरून घर्षणही चुकतं, आणि उताराच्या दिशेचं बल त्यानं cos नं काढल्यामुळे त्वरण तर भलतंच येतं. पुस्तकाच्या शेवटी दिलेलं उत्तर काही जुळत नाही.

चूक मी लगेच दाखवत नाही. विचारतो, ‘उतार कमी करत करत जमीन सपाट केली, θ शून्य झाला, तर तुझ्या सूत्रानं लंब बल किती?’ sin शून्य म्हणजे शून्य. सपाट टेबलावर ठेवलेल्या ठोकळ्याला टेबलाचा आधारच नाही, असं निघतं. इथे दोन वाटा फुटतात. ‘असं कसं होईल?’ म्हणाला तर बलं त्याला कळली आहेत. अडलंय ते त्रिकोणातला कोन ओळखण्यापाशी, म्हणजे भूमितीत. ‘बरोबर आहे ना सर?’ म्हणाला तर लंब बल म्हणजे काय इथपासून सुरुवात करायला हवी. पहिला शब्द दोघांचाही ‘फिजिक्स’च होता.

‘परीक्षा’ या शब्दाचं थोडं वेगळं. तिथे माझा पहिला प्रश्न ‘कधी आहे?’ असतो. ‘उद्या’ आणि ‘पुढच्या महिन्यात’ यांना एकच उत्तर देताच येत नाही. मग एक छोटा पर्याय ठेवतो: ‘काय वाचायचं ते ठरत नाहीये, वाचलेलं आठवत नाहीये, की भीती वाटतेय? की यातलं काहीच नाही?’ तो शेवटचा पर्याय कधीही गाळू नका. तो नसेल तर मुलं तीनातलं जवळचं काहीतरी निवडतात आणि आपण खुशाल चुकीच्या वाटेनं जातो.

एका वेळी एकच प्रश्न विचारा. आणि ‘का’ शक्यतो टाळा. ‘अभ्यास का झाला नाही?’ याला मुलं कारण देतात, माहिती देत नाहीत. त्याऐवजी ‘शेवटचा धडा कुठला नीट झाला?’ असं विचारलं की एक ठाम जागा मिळते आणि तिथून पुढे जाता येतं.

कधी कधी दोन-तीन प्रश्नांनंतरही ‘माहीत नाही’च येतं. तेव्हा चौकशी थांबवावी, नाहीतर तीच दुसरी परीक्षा होते. एक छोटं गणित द्यावं आणि म्हणावं, ‘जिथे थांबशील तिथपर्यंतचं पाठव.’ आणि रात्री उशिरा आलेल्या ‘परीक्षा’ला अभ्यासाचं काही पाठवण्याआधी ‘जेवलास का, झोप होतेय का’ हे विचारावं. उत्तरात जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा सूर जरी लागला, तरी अभ्यास तिथेच बाजूला ठेवून तडक फोन करावा, आणि त्याच्याजवळ कोणीतरी मोठं माणूस पोहोचेपर्यंत तो ठेवू नये.