सरावाला जोडीदार नसताना: आयईएलटीएसच्या बोलण्याच्या चाचणीची तयारी

आयईएलटीएसची तयारी करणाऱ्यांकडून मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा आहे की, वाचन आणि लेखन एकट्याने करता येते, पण बोलण्याचा सराव करायला कोणीच नसेल तर काय करायचे? प्रश्न रास्त आहे. मात्र जोडीदाराची गरज या चाचणीच्या प्रत्येक भागात सारखी नसते, आणि हे लक्षात न घेतल्यामुळे आठवड्यातून कसाबसा मिळणारा अर्धा तास अनेक जण चुकीच्या भागावर घालवतात.

चाचणी एकूण 11 ते 14 मिनिटांची असते. पहिल्या भागात परीक्षक चार-पाच मिनिटे ओळखीच्या विषयांवर छोटे प्रश्न विचारतात. दुसऱ्या भागात तुमच्या हाती विषय लिहिलेले एक कार्ड येते, टिपणे काढायला एक मिनिट मिळते आणि मग एक ते दोन मिनिटे तुम्ही एकट्यानेच बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अनुषंगाने चार-पाच मिनिटे चर्चा होते. म्हणजे दुसऱ्या भागात समोरचा माणूस जवळजवळ काहीच बोलत नाही. तेथे जोडीदाराची जागा मोबाइलचा रेकॉर्डर घेऊ शकतो, आणि माझ्या मते तो जोडीदारापेक्षा अधिक उपयोगी ठरतो, कारण ओळखीचा माणूस सौजन्यापोटी जे ऐकून सोडून देतो ते रेकॉर्डिंगमध्ये जसेच्या तसे राहते.

पण नुसते रेकॉर्ड करून पुन्हा ऐकणे पुरेसे नाही. ऐकताना आपण आपल्याला काय म्हणायचे होते ते ऐकतो, प्रत्यक्षात काय म्हटले ते नाही. म्हणून ते शब्दशः लिहून काढावे लागते. अडखळणे, ‘अं’, अर्धवट सोडलेले शब्द, सगळे काही. दोन मिनिटांचे बोलणे लिहायला बराच वेळ लागतो आणि ते कंटाळवाणेही असते, हे मी मान्य करतो. तरी रोज एक नवे कार्ड बोलून सोडून देण्यापेक्षा आठवड्यात दोनच कार्डे अशी लिहून काढणे मी पसंत करीन.

एका विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. कार्ड होते, मोठ्या माणसाकडून शिकलेल्या एखाद्या कौशल्याचे वर्णन करा: कोणते कौशल्य, कोणी शिकवले, कसे शिकलात आणि ते उपयोगी का ठरले. तिने सायकलचे पंक्चर काढणे हा विषय निवडला. तिच्या रेकॉर्डिंगमधले एक वाक्य असे होते: “माय अंकल... अं... टीच मी, टॉट मी हाऊ टू... हाऊ टू मेक द पंक्चर... रिपेअर द पंक्चर.” आणि शेवटी: “इट वॉज यूसफुल बिकॉज...” यानंतर लांबलचक शांतता, आणि मग “बिकॉज इट इज व्हेरी यूसफुल.”

वरवर पाहता दोन्ही ठिकाणी ती अडखळली, परंतु कारणे वेगळी आहेत. पहिल्या वाक्यात काय सांगायचे ते तिला पक्के ठाऊक आहे. अडले आहे ते क्रियापदाचे रूप आणि पंक्चर या शब्दाबरोबर येणारे क्रियापद. असा विराम वाक्याच्या मध्येच, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये किंवा क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये येतो. अस्खलित बोलणारेही थांबतात, पण बहुधा एक विचार पूर्ण झाल्यावर, पुढचा सुरू करण्यापूर्वी. म्हणून लिहून काढलेल्या कागदावर विराम किती आले हे मोजण्यापेक्षा ते कोठे आले हे पाहावे. गुणदानाच्या प्रकाशित निकषांमध्येही पाचव्या बँडच्या वर्णनात पुनरुक्ती, स्वतःला दुरुस्त करणे आणि संथ बोलणे यांच्या आधाराने बोलणे चालू ठेवण्याचा उल्लेख आहे, तर सातव्या बँडमध्ये जाणवण्याजोगा प्रयास न पडता दीर्घ बोलण्याची अपेक्षा आहे.

दुसरा विराम भाषेचा नाही, मजकुराचा आहे. तिला सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. तिचे टिपण पाहिल्यावर कारण कळले: तयारीच्या मिनिटात तिने सुरुवातीचे संपूर्ण वाक्य सुबक अक्षरात लिहिले होते आणि शेवटच्या मुद्द्यासाठी कागद कोराच होता. वाक्ये लिहू नयेत; प्रत्येक मुद्द्याला दोन-तीन शब्द पुरतात, आणि ‘का’ विचारणारा मुद्दा आधी भरावा, कारण आठवण सांगणे सोपे असते, कारण सुचणे अवघड. पुढच्या वेळी तिच्या कागदावर शिकण्याच्या मुद्द्यापुढे ‘ट्यूब, पाणी, बुडबुडे’ आणि उपयोगाच्या मुद्द्यापुढे ‘पाऊस, रात्र, दुकान बंद’ एवढेच शब्द होते. त्या तीन शब्दांतून एक प्रसंग उभा राहिला आणि बोलणे दोन मिनिटांपर्यंत सहज पोहोचले.

आता त्याच कार्डावर पुन्हा बोलायचे. भाषाशिक्षणात एक जुनी पद्धत आहे, जिच्यात एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना आधी चार, मग तीन आणि मग दोन मिनिटांत सांगतात. वेळ आटत जातो तसे अडखळणे कमी होते. एकट्याने करताना श्रोते बदलत नाहीत, पण घड्याळ बदलता येते: तीन मिनिटे, अडीच मिनिटे, दोन मिनिटे. या पद्धतीचा धोका असा की, वेग वाढला तरी चुका तशाच राहतात आणि उलट पक्क्या होतात. म्हणून लिहिलेल्या कागदावरील चुका दुरुस्त करणे हे पुन्हा बोलण्याच्या आधी व्हायला हवे. वरील विद्यार्थिनीने फक्त दोन गोष्टी दुरुस्त केल्या: पंक्चरसोबतचे क्रियापद, आणि भूतकाळात सुरू झालेली गोष्ट मध्येच वर्तमानकाळात घसरणे. सगळ्याच चुका एकदम हाती घेतल्या तर बोलताना लक्ष व्याकरणावर जाते आणि प्रवाह तुटतो.

यातून पाठांतर तर होत नाही ना, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. शेवटच्या दोन रेकॉर्डिंगमधले शब्द जवळजवळ तेच असतील, तर तुम्ही बोलत नसून म्हणून दाखवत आहात. प्रसंग तोच आणि वाक्ये थोडी वेगळी, असे असले पाहिजे. पाठ केलेले उत्तर ओळखू येते, आणि कार्ड थोडे बदलले की ते कामालाही येत नाही.

उच्चारांचे मात्र एकट्याने नीट जमत नाही, कारण स्वतःचा उच्चार स्वतःला नेहमीच समजतो. येथे दुसऱ्याचे कान हवेत. पण त्यासाठी त्याने समोर बसण्याची गरज नाही. रेकॉर्डिंग पाठवावे आणि कोणते शब्द कळले नाहीत एवढेच लिहून मागावे. आपला भारतीय लहेजा लपवण्याची गरज नाही. बोलणे विनासायास कळते का, हे पाहिले जाते.

आता तो मौल्यवान अर्धा तास. तो संपूर्ण तिसऱ्या भागाला द्यावा, कारण अनपेक्षित प्रश्न स्वतःला विचारता येत नाही. जोडीदाराचे इंग्रजी उत्तम असण्याची गरज नाही. त्याला चार प्रकारचे प्रश्न लिहून द्यावेत: असे का, पूर्वी वेगळे होते का, सर्वांनाच हे लागू होते का, आणि असे झाले नाही तर काय होईल. त्याने तुमच्या उत्तरातला एक शब्द पकडायचा आणि यांपैकी एक प्रश्न त्याला जोडायचा. शाळेत हातकामाची कौशल्ये शिकवावीत, कारण ती उपयोगी असतात, असे तुम्ही म्हणालात की त्याने विचारावे, “उपयोगी कोणाला? शहरातल्या मुलांनाही?” बोलणे मध्येच थांबवून चुका दाखवू नयेत, एवढे बंधन त्याच्यावर असावे. तुमच्यावरचे बंधन असे की, वेळ काढण्यासाठी ‘दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन’ प्रत्येक उत्तरापुढे लावायचे नाही. तीनदा ऐकल्यावर ते पाठ केल्यासारखे वाटते. प्रश्न कळला नसेल तर तसे विचारावे, “डू यू मीन...” म्हणून अर्थ पडताळून घ्यावा. याचाही सराव त्या अर्ध्या तासातच होतो, आणि ते सत्रही रेकॉर्ड करून ठेवले तर पुढच्या आठवड्यापर्यंत लिहून काढण्यासाठी मजकूर हाताशी राहतो.