सही करण्याआधी तीन कलमं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय नोकरीच्या करारपत्राबद्दल, आणि तेही एका मुद्रितशोधकाच्या नजरेतून. करार वकिलाला जरूर दाखवावा, पण टायपिंगच्या चुका शोधणं हे आमचं, प्रुफं तपासणाऱ्यांचं काम आहे. अशा पत्रातल्या सगळ्यात महाग चुका स्पेलिंगच्या नसतात. शब्द अचूक लिहिलेला असतो, फक्त त्या जागी तो नको असतो. ‘नॉट’च्या जागी ‘नाऊ’ पडलं, तर संगणक त्याखाली लाल रेघ ओढत नाही. ‘भरपाई द्यावी लागणार नाही’ असं म्हणायचं असतं, आणि वाक्य सांगतं की ‘भरपाई आता द्यावी लागेल’.

असं होतं याचं कारण साधं आहे. एचआरमधला माणूस करार कोऱ्या कागदावर लिहीत नाही. मागच्या उमेदवाराची फाइल उघडतो, नाव, तारीख आणि आकडे बदलतो, आणि पाठवून देतो. जिथे बदलायचं राहतं तिथे जुना उमेदवार शिल्लक उरतो.

एक नमुना समोर धरू. पुण्यातली एखादी कंपनी, पत्राची तारीख १२ जून २०२५, रुजू होण्याची तारीख १ जुलै २०२५. प्रोबेशन, नोटीस आणि पगार, एवढी तीनच कलमं आपण पाहू.

आधी पगार. कलमात आकड्यात लिहिलंय ४,८०,०००, वर्षाचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. पुढे कंसात अक्षरी रक्कम आहे ती मात्र ‘फोर लाख एट थाउजंड’, म्हणजे चार लाख आठ हजार. ‘एटी’मधलं शेवटचं अक्षर गळलं आणि ७२,००० रुपये गेले. आकडा आणि अक्षर जुळत नसेल तर सहसा अक्षरी रकमेला वजन मिळतं. चेकच्या बाबतीत तर १८८१ च्या कायद्यातच तसं लिहून ठेवलंय. त्यामुळे ‘आकडा बरोबर आहे ना, मग झालं’ असं समजू नका.

मग खरं कुठलं? ते परिशिष्टातला तक्ता सांगतो, म्हणून पेन घ्या आणि बेरीज करा. बेसिक २०,०००, घरभाडे भत्ता ८,०००, विशेष भत्ता ८,६३८. झाले ३६,६३८. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे २,४००, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी ९६२. बेरीज बरोबर ४०,०००. बाराने गुणलं की ४,८०,०००. म्हणजे आकडा खरा आणि अक्षर चुकलेलं.

इथे एक गंमत आहे, आणि ती जरा धोक्याची आहे. ३६,६३८ मधून तुमच्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० वजा केला, तर हातात येतात ३४,०३८. आणि चार लाख आठ हजाराला बाराने भागलं तर येतात बरोबर ३४,०००! म्हणजे घाईत कुणी ताडून पाहिलं, तर चुकीची रक्कमसुद्धा बरोबर वाटेल. म्हणून हातात येणाऱ्या पगाराशी ताडू नका, तक्त्याच्या एकूण बेरजेशीच ताडा. आणि फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापला जातो, तेव्हा त्या महिन्यात शंभर कमी आले तर ती चूक नव्हे.

आता प्रोबेशन. कलम ४ म्हणतं, ‘पत्राच्या तारखेपासून’. अक्षरात ‘सिक्स’ महिने, कंसात ३. ही चूक निदान डोळ्यांत भरते. न भरणारी चूक पुढे आहे. कलम ९ मध्ये याच मुदतीचा उल्लेख ‘रुजू झाल्याच्या तारखेपासून’ असा आलाय. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी निर्दोष आहेत. सहा महिने धरून मोजा: पत्राच्या तारखेपासून धरलं तर प्रोबेशन ११ डिसेंबरला संपतं, रुजू तारखेपासून धरलं तर ३१ डिसेंबरला. मधले वीस दिवस कुणाचे?

नोटिशीचं कलम यालाच जोडलेलं आहे, म्हणून हा प्रश्न नुसता पोरखेळ राहत नाही. कलम ७ सांगतं, प्रोबेशनमध्ये १५ दिवसांची नोटीस, नंतर ६० दिवसांची. समजा तुम्ही १५ डिसेंबरला राजीनामा दिला. एका वाचनाने १५ दिवस पुरे, दुसऱ्याने ६०. फरक ४५ दिवसांचा. तेवढे दिवस न थांबता जायचं असेल तर ‘त्या काळाचा पगार भरावा’ असंही कलमात आहे. पण पगार म्हणजे कुठला? बेसिकवर मोजला तर ३०,०००. भत्त्यांसकट मोजला तर जवळपास ५५,०००. व्याख्यांच्या कलमात ‘पगार म्हणजे बेसिक’ असं लिहून ठेवलेलं आणि नोटिशीच्या कलमात ‘ग्रॉस’ म्हटलेलं, असंही होऊ शकतं. त्यातून परिशिष्टात कुठल्या तरी जुन्या उमेदवाराचे ९० दिवस राहून गेलेले असतील, तर मग बघायलाच नको. करारात ‘विसंगती आल्यास परिशिष्ट ग्राह्य’ असं वाक्य आहे का, हेही शोधा. असेल, तर तेच ९० दिवस तुमच्या गळ्यात पडतील.

आणखी एक जागा पाहा. एका कलमात ‘सहा महिन्यांनी नोकरी कायम झाल्याचं समजावं’, आणि दुसऱ्यात ‘लेखी पत्र मिळेपर्यंत प्रोबेशन चालू राहील’. याला मी टायपिंगची चूक म्हणणार नाही, हे दोन वेगळे करार एकत्र शिवलेले आहेत. इथे तुम्ही स्वतः दुरुस्ती सुचवू नका. कंपनीला नेमकं काय म्हणायचंय ते विचारा, आणि जे ठरेल ते एकाच जागी लिहून घ्या.

हे सापडतं कसं? सरळ वाचून फारसं सापडत नाही. अर्थ कळत गेला की डोळा चुका गिळतो. पत्र कागदावर छापा. पहिल्या फेरीत वाक्यं वाचूच नका, फक्त आकडे, तारखा आणि कलमांचे क्रमांक पेन्सिलीने गोल करा. मग एका चिठ्ठीवर प्रोबेशन, नोटीस, पगार असे तीन भाग पाडा आणि प्रत्येक उल्लेख लिहून काढा: कुठलं कलम, किती दिवस, कधीपासून, कुणाला लागू. कुणाला, हे विसरू नका. नोटीस दोघांनाही सारखी आहे की फक्त तुम्हाला, ते तिथेच कळतं. विसंगती चिठ्ठीवर समोरासमोर येते. ‘कलम ८ नुसार’ असं दिसलं की पान उलटून कलम ८ खरंच पाहा. तिथे सुट्ट्यांचे नियम निघाले, तर मधलं एखादं कलम काढताना क्रमांक सरकलेत. शेवटच्या फेरीत घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा, तुम्ही मूळ प्रत धरा. जुन्या छापखान्यांत प्रुफं अशीच वाचली जात.

चूक सापडली की फोनवर सांगून थांबू नका. ‘हो हो, ते तसंच आहे, काळजी करू नका’ हे उत्तर प्रेमळ असतं, पण करारात ते उमटत नाही. ईमेल लिहा, सहीच्या आधी. कलमाचा क्रमांक, आत्ताचा मजकूर, हवा असलेला मजकूर, बस. उदाहरणार्थ: ‘कलम ४ आणि कलम ९ मध्ये मुदतीची सुरुवात वेगळी आहे; दोन्हीकडे रुजू तारीख करावी ही विनंती.’ चूक काढताय असा सूर नको. तुमच्यासारखीच कंपनीलाही ती नको असते, कारण पुढे वाद झाला तर संदिग्ध वाक्याचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावला जाऊ शकतो.

नवी प्रत येईल ती शक्यतो पूर्ण नव्याने छापलेली मागा. हाताने खोडून दुरुस्ती केलीच, तर प्रत्येक खोडाशेजारी दोघांच्याही छोट्या सह्या हव्यात. आणि नवी प्रत पहिल्यापासून पुन्हा तपासा, निदान ती चिठ्ठी घेऊन. एक कलम सुधारताना दुसऱ्याचा क्रमांक सरकतो, आणि अक्षरी रक्कम दुरुस्त करताना आकड्यातलं एखादं शून्य जातं. नमस्कार.