हळदीच्या गिरणीचं वीजबिल

[दृश्य: सांगली मार्केट यार्ड. हळकुंडांच्या राशी, सौदे चालू.]

नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की सांगलीतल्या हळद दळणाऱ्या गिरण्यांना उसंत नसते. एप्रिलमध्ये दोन-दोन पाळ्या चालतात. पाऊस लागला की काम मंदावतं आणि ऑगस्टमध्ये तीच गिरणी आठवड्यातले दोन-तीन दिवसच चालते. मग महिन्याला किती किलो हळद दळली म्हणजे खर्च भरून निघतो? हा ना-नफा-ना-तोट्याचा आकडा, ज्याला आपण ब्रेक-इव्हन म्हणतो, सगळ्यात जास्त चुकतो तो वीजबिलामुळे.

[दृश्य: गिरणी. पल्व्हरायझरच्या तोंडाशी पोतं, पिवळ्या धुळीनं माखलेली मोटर.]

व्यापाऱ्यांची हळद मजुरीवर दळून देणारी एक गिरणी घेऊ. हिशेब समजावा म्हणून आकडे गोल धरले आहेत. दळणाचा दर किलोला १० रुपये. शेडचं भाडं, दोन कायम कामगारांचे पगार, कर्जाचं व्याज आणि मशिनरीचा घसारा मिळून महिन्याला ६६,००० रुपये. गिरणी चालो वा बंद राहो, हे जाणारच. हा स्थिर खर्च. पोती, सुतळी, हमाली आणि नगावर काम करणाऱ्यांची मजुरी किलोमागे ३ रुपये. दळण नाही तर हा खर्चही नाही. हा बदलता खर्च.

इथवर सोपं आहे. आता वीजबिल पाहू.

[दृश्य: बिलाचा जवळून शॉट. 'मागणी आकार' आणि 'वीज आकार' या ओळींवर बोट.]

मोठ्या जोडभाराच्या बिलात मागणी आकार असतो. एकही युनिट जळलं नाही, तरी तो लागतो. त्याखाली वापरलेल्या युनिटांचा वीज आकार. एकाच कागदावर स्थिर आणि बदलता असे दोन्ही खर्च, म्हणून हा अर्धबदलता खर्च. तो फोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

फोडायची एक साधी रीत आहे. वर्षातला सगळ्यात जास्त दळणाचा महिना घ्यायचा आणि सगळ्यात कमी दळणाचा. एप्रिलमध्ये ३०,००० किलो दळण, बिल ७०,००० रुपये. ऑगस्टमध्ये ५,००० किलो, बिल २०,००० रुपये. दळण वाढलं २५,००० किलोंनी, बिल वाढलं ५०,००० रुपयांनी. म्हणजे विजेचा बदलता भाग किलोमागे २ रुपये. ऑगस्टच्या ५,००० किलोंचे १०,००० रुपये बिलातून वजा केले की उरतात १०,००० रुपये. तो स्थिर भाग.

आता स्थिर खर्च झाला ७६,०००. दर १० रुपये, त्यातून ३ आणि २ गेले, किलोमागे ५ रुपये उरले. ७६,००० भागिले ५, म्हणजे महिन्याला १५,२०० किलो.

बिल फोडलंच नाही तर? ऑगस्टचं अख्खं बिल स्थिर धरलं, तर उत्तर येतं सुमारे १२,३०० किलो. तेवढं दळून मालक निर्धास्त होईल आणि प्रत्यक्षात महिन्याला साडेचौदा हजारांचा खड्डा पडत असेल. तेच बिल ५,००० किलोंवर वाटून किलोमागे ४ रुपये धरलं, तर उत्तर जातं २२,००० किलोंवर. गिरणी तीच, बिल तेच आणि उत्तरात जवळजवळ दहा हजार किलोंचा फरक.

[दृश्य: पावसाळ्यातली गिरणी. कामगार जाळी झटकतोय.]

दोन महिन्यांच्या या रीतीवर डोळे झाकून विसंबू नये. पावसाळ्यात हळद सादळते, जाळी तुंबते आणि त्याच किलोला मोटर जास्त वेळ चालवावी लागते. एप्रिलमध्ये मंजूर भारापेक्षा जास्त मागणी गेली, तर बिलात दंड येतो आणि तो आकडा फुगवतो. असा दंड आधी बाजूला काढायचा. मग मधला एखादा महिना ताडून पाहायचा. जूनमध्ये १५,००० किलो दळलं असेल, तर आपल्या हिशेबानं बिल ४०,००० च्या आसपास हवं. फार लांब असेल, तर बाराही महिन्यांची बिलं दळणासमोर मांडून पाहावी लागतात.

[दृश्य: गिरणीचं ऑफिस. व्यापारी आणि मालक बोलत आहेत.]

समजा, ऐन ऑगस्टमध्ये एक व्यापारी ३,००० किलो हळद घेऊन येतो, पण ७ रुपयांच्या वर द्यायला तयार नाही. विजेचे ४ रुपये धरणारा मालक म्हणेल, पोती-हमालीचे ३ मिळवले की ७ झाले, हातात काहीच नाही. आणि माल परत जाईल. खरं तर त्या कामाचा वाढीव खर्च ५ रुपयेच आहे. किलोमागे २, म्हणजे ६,००० रुपये भाडं-पगाराच्या ओझ्यातून कमी झाले असते. माझ्या मते, मशीन रिकामं असताना हे काम घ्यावं.

मात्र तो दर त्या मालापुरताच ठेवायला हवा. बाकीचे व्यापारीही ७ रुपयेच मागू लागले, तर ७६,००० भरून काढायला महिन्याला ३८,००० किलो दळावं लागेल. या गिरणीत ऐन एप्रिलमध्येही ३०,००० च्या वर दळण निघत नाही.