आधी जिप्सम, मग पाणी
(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची जमीन सांगली-कोल्हापूरकडे आहे आणि ती भावाच्या नाहीतर वाटेकऱ्याच्या हाती आहे. त्यांचा फोन येतो, 'रान पांढरं पडलंय, भरपूर पाणी देऊन धुऊन काढू का?' थांबा म्हणा.

उसाला पाट सोडून सोडून काळ्या रानातली भूजलपातळी वर येते. ती वावभर खोलीवर आली की पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार मागे राहतात. इथवर जमीन नुसती क्षारयुक्त असते. पुढे कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं, द्रावणात सोडियमचा वाटा वाढतो आणि तो चिकणमातीच्या कणांना चिकटतो. ही चोपण जमीन. सोडियम चिकटलेले कण पाण्यात सुटे होऊन पोकळ्या बुजवतात, पण क्षार भरपूर असतील तोवर ते एकत्र राहतात. म्हणून दोन्ही दोष असलेलं रान नुसतं धुतलं की क्षार जातात, सोडियम राहतो आणि जमीन सिमेंटसारखी बंद होते.

घरी पाहायचं तर सुकं ढेकूळ पेलाभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर चोपणाची शंका घ्या. नितळ दिसलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, क्षारही गाळ खाली बसवतात. खरं उत्तर माती परीक्षणात.

अहवालात विनिमयक्षमता असते, म्हणजे मातीचे कण कॅल्शियम, सोडियम वगैरे किती धरून ठेवू शकतात त्याचं माप. समजा ती 50 आणि त्यातला सोडियम 10 आहे, म्हणजे 20 टक्के. पुस्तकी मर्यादा 15 टक्के, पण आपली काळी जमीन त्याआधीच बिघडू लागते. तेव्हा 10 टक्क्यांवर आणू, म्हणजे 5 एकक सोडियम काढायचा. सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवायला जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, वापरतात. वरच्या 15 सेंटीमीटर थरासाठी एकरी एका एककाला ते शुद्ध असेल तर साधारण 700 किलो लागतं, म्हणजे 5 एककांना साडेतीन टन. बाजारातलं 70 टक्के शुद्ध निघालं तर 5 टन. 'एकरी दोन पोती' हा सल्ला कुठून येतो, देव जाणे!

बारीक भुकटी सारखी पसरून वरच्या थरात मिसळायची, वाफे बांधायचे आणि पाणी साठवायचं. जिप्सम लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, त्यामुळे हिशोबानं एकरी 14 लाख लिटर, म्हणजे 35 सेंटीमीटर पाणी त्यातून जायला हवं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर टाकलेलं बरं. कॅल्शियम कणावर बसतो, सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर खाली जातो.

खाली जायला वाट मात्र हवी. चर किंवा मीटरभर खोल सच्छिद्र पाइप नसेल, तर तो सोडियम सल्फेट उन्हाळ्यात पुन्हा वर येतो आणि जिप्समचे पैसे पाण्यात जातात. हातात एकाच कामापुरते पैसे असतील, तर आधी निचऱ्याची सोय करा. जिप्सम पुढच्या वर्षी आणता येईल.