रेघ कोणाकडे जाते? छोट्या कारखान्याचा संघटन तक्ता

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या ज्या कारखान्यांना मोठ्या गाडी कंपन्यांचा माल करायचा असतो, त्यांच्या ऑफिसात एक संघटन तक्ता, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली हे चौकटी आणि रेघांनी दाखवणारा कागद, लावलेला दिसतो. तो बहुतेक वेळा ऑडिटच्या आदल्या आठवड्यात काढलेला असतो. आयएसओ ९००१:२०१५ या दर्जा व्यवस्थापनाच्या मानकातलं ५.३ हे कलम तक्ता काढाच असं कुठेही म्हणत नाही. जबाबदाऱ्या आणि अधिकार नेमून द्या, ते सगळ्यांना कळवा आणि त्यांना ते समजतील असं बघा, एवढंच ते सांगतं. तक्ता हे त्याचं एक सोयीचं साधन आहे. पण तो खरा असला तरच त्याचा उपयोग, म्हणून आज मी एकाच तक्त्याबद्दल सविस्तर बोलणार आहे.

अंबडमधला शीट मेटलचा कारखाना, माणसं सव्वीस. मालक, त्यांचा धाकटा भाऊ खरेदीला, मालकांच्या पत्नी हिशेबाला. उत्पादन प्रमुख एक, त्यांच्या हाताखाली दोन पाळ्यांचे दोन सुपरवायझर आणि एक मेंटेनन्स फिटर. पहिल्या पाळीत आठ ऑपरेटर-हेल्पर, दुसरीत सहा. दर्जा तपासणी प्रमुख आणि दोन इन्स्पेक्टर, एकेका पाळीला एक. शिवाय स्टोअरकीपर आणि हिशेबाचा सहायक.

हातात पेन घेण्याआधी प्रत्येकाला एकेकटं भेटून तीन प्रश्न विचारायचे. तुमची रजा कोण मंजूर करतं? आजचं काम कोणी सांगितलं? आणि माल खराब निघाला तर पहिल्यांदा कोणाला सांगता? तीन प्रश्नांना एकच नाव आलं तर रेघ ठरली. नावं वेगवेगळी आली तर तिथे थांबून विचार करायचा. इथे स्टोअरकीपरने तीन नावं सांगितली. रजा वहिनी देतात, काम धाकटे साहेब सांगतात आणि पत्रा वाकडा आला तर तो थेट मोठ्या साहेबांकडे जातो. वहिनींकडे तर सगळेच जात होते, कारण उचल त्या देत. पैसे हिशेबातून निघतात म्हणून माणूस हिशेबाच्या हाताखाली येत नाही. उचल मंजूर करायची ती त्याच्या वरिष्ठाने, वहिनींनी फक्त नोंद करून रक्कम द्यायची, असं ठरलं आणि वहिनींच्या चौकटीकडे येऊ पाहणाऱ्या पाच-सहा रेघा एकदम गेल्या.

खरी गाठ होती दुसऱ्या पाळीच्या इन्स्पेक्टरची. दर्जा तपासणी प्रमुख संध्याकाळी सहाला घरी जात. त्यानंतर हा मुलगा सुपरवायझरचं ऐकायचा, कारण समोर तेच असत. सुपरवायझरला रात्री गाडी भरायची घाई. भोकाचा व्यास मर्यादेबाहेर गेलेला दिसला तरी ‘आज जाऊ दे’ म्हटलं की लॉट पास व्हायचा. सकाळी रजिस्टरमध्ये सही इन्स्पेक्टरची. जुन्या तक्त्यात दर्जा तपासणीची चौकट उत्पादन प्रमुखांच्या खाली होती, म्हणजे जो माल काढतो तोच तपासणाऱ्याचा साहेब. त्या मुलाला दोष देण्यात काही अर्थ नव्हता. त्याने जुन्या तक्त्याप्रमाणेच काम केलं होतं.

न्यू यॉर्क अँड ईरी रेल्वेचे डॅनियल मॅककॅलम यांनी १८५५ मध्ये जो तक्ता काढून घेतला, तो आज माहीत असलेला सर्वांत जुना संघटन तक्ता मानतात. शेकडो मैलांच्या लोहमार्गावर हुकूम कोणाचा चालणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांचा नियम असा की माणसाला हुकूम द्यायचा तो त्याच्या लगतच्या वरिष्ठानेच. सव्वीस माणसांच्या कारखान्यातही प्रश्न तोच आहे.

म्हणून दर्जा तपासणी प्रमुखांची रेघ थेट मालकांकडे नेली आणि दोन्ही इन्स्पेक्टर त्यांच्या खाली घेतले. पण रात्री हजेरी, जेवणाची सुट्टी, सुरक्षेचे बूट हे बघायला सुपरवायझरच असणार. त्यासाठी तुटक रेघ काढली, साऱ्या तक्त्यात एकच, आणि कोपऱ्यात तिचा अर्थ लिहिला: ‘तुटक रेघ: फक्त दुसऱ्या पाळीची हजेरी व शिस्त. माल पास किंवा नापास करण्याचा अधिकार नाही.’ इन्स्पेक्टरने लॉट अडवला की तो रात्री अडलेलाच राहणार, सोडायचा असेल तर तपासणी प्रमुखांना फोन. अर्थ न लिहिलेली तुटक रेघ मी कोणत्याही तक्त्यात ठेवू देत नाही, कारण तिचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो.

आता आखणी. मालक एका ओळीत. त्यांच्या खाली चार चौकटी: उत्पादन, दर्जा, खरेदी-स्टोअर, हिशेब. तिसऱ्या ओळीत सहा: दोन सुपरवायझर, फिटर, दोन इन्स्पेक्टर मिळून एक, स्टोअरकीपर, सहायक. चौथ्या ओळीत दोन पाळ्यांच्या दोन चौकटी, आत माणसांची संख्या. एकूण तेरा.

माप सर्वांत भरलेल्या ओळीवरून काढायचं. आडवा ए-फोर २९.७ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर सोडला की २७.७ उरतात. चार सेंटिमीटरच्या सहा चौकटी २४, मधली पाच अंतरं ०.७ ची, म्हणजे ३.५. एकूण २७.५, बसलं. पॉवरपॉइंटमध्ये कागदाचं माप स्वतः टाइप करा, कारण त्यातला तयार ए-फोर पर्याय २७.५ बाय १९ च्या आसपासच पान देतो आणि सगळा हिशेब चुकतो.

उंची सर्वांत लांब पदनामावरून ठरते. इथे ते ‘दर्जा तपासणी प्रमुख’. बारा पॉइंटमध्ये पद दोन ओळींत, खाली नाव, वरखाली मात्रा-उकारांना जागा: १.८ सेंटिमीटर धरा. चौकट निवडून `Do not Autofit` ठेवा. तिथे `Resize shape to fit text` असेल तर मजकूर दोन ओळींवरून तीनवर जाताच चौकट आपोआप उंच होते आणि मापं बिघडायला इथूनच सुरुवात होते. एक चौकट पूर्ण तयार करून तिच्याच प्रती काढा.

सारखं माप केवळ देखणेपणासाठी नाही. कोपऱ्यात वळणारी जोडरेघ वरच्या आणि खालच्या चौकटीच्या बरोबर मध्यावर वळते. चौकटींची उंची सारखी असेल तर सगळी वळणं एका आडव्या रेघेत मिसळतात. उंची वेगवेगळी असेल आणि चौकटी मध्यावर जुळवल्या असतील तर वरच्या कडा खालीवर होतात, वळणं पायऱ्यांसारखी दिसतात आणि कोणती रेघ कोणाची ते समजेनासं होतं. रेघेचं टोक चौकटीला चिकटलं आहे का, हेही बघा. चिकटलेलं टोक हिरवं दिसतं. नसेल तर चौकट सरकवली की रेघ हवेत राहते.

इथे धाकट्या भावाची चौकट इतर प्रमुखांपेक्षा मोठी हवी असा घरातून आग्रह झाला. मी नको म्हटलं. मानाची जागा वरची ओळ दाखवते. त्याच ओळीत एकच चौकट मोठी केली तर खरेदीचा शब्द उत्पादनाच्या वर चालतो, असंच शॉप फ्लोअरवर वाचलं जातं आणि रेघ मात्र तसं सांगत नसते.

उद्या तिसरी पाळी निघाली की तिसऱ्या ओळीत सात चौकटी होतील आणि चारच्या सात म्हणजे २८, पानाबाहेर. अशा वेळी फक्त नवी चौकट बारीक करायची नाही. जुन्या तेरांसकट सगळ्या चौकटी ३.४ वर आणा: सात चौकटी २३.८, सहा अंतरं ०.६ ची म्हणजे ३.६, एकूण २७.४. अक्षरं सर्वत्र अकरा पॉइंट करा, कोपऱ्यातली तारीख बदला आणि जुनी प्रत त्याच दिवशी भिंतीवरून काढा.