ओण आणि ओला

आज मला बालकथेच्या भाषेवर बोलायचंय. पण आधी ही गोष्ट ऐका. दोन वर्षं ती पिशवीत घेऊन फिरतोय, ऐकायला तुमच्यासारखं कुणी सापडत नाही.

आपल्या बेळगाव भागातली एक शाळा. आवारात दोन डबे, हिरवा आणि निळा. हिरव्यावर कन्नडमध्ये 'हसी कस', निळ्यावर 'ओण कस'. कन्नडमध्ये हसी म्हणजे ओला, ओण म्हणजे सुका, कस म्हणजे कचरा. आता आपली पोरं काय वाचणार? 'हसी कस' वाचून हसतात. आणि 'ओण' म्हटलं की कानाला 'ओला'च लागतो! झालं, केळ्याच्या साली निळ्या डब्यात. (तुम्ही हसताय, पण आमच्या घरीसुद्धा आठ दिवस हेच चाललं होतं वो.)

गोष्टीतली चिमी दुसरीत आहे. तिला दोन्ही पाट्या धड वाचता येत नाहीत, म्हणूनच ती सुटते. ती कुंडीतल्या मातीत केळ्याची साल आणि चिक्कीचा कागद शेजारी शेजारी पुरते. पंधरा दिवसांनी उकरते. साल काळी, लिबलिबीत. कागद झटकला तर नवाकोरा. मग ती हिरव्या डब्यावर खडूनं साल काढते, निळ्यावर चिक्कीचा कागद. बाकीची पोरं बघून बघून टाकायला लागतात.

एका स्पर्धेच्या परीक्षकांनी मला विचारलं, "मुलगी प्रार्थनेच्या वेळी भाषण का करत नाही?" अहो, दुसरीतली पोर भाषण करील का? आपल्या बालकथांतली मुलं बोलायला लागली की थेट ग्रामपंचायतीचे सदस्य वाटतात. मी भाषण घातलं नाही, बक्षीस गेलं.

उलट मी घाण वास घातला. दुपारच्या जेवणातला उरलेला भात-सांबार पोरं खताच्या खड्ड्यात ओततात आणि चार दिवसांत वर्गात बसवेनासं होतं. हेडमास्तर म्हणतात, बुजवा खड्डा. स्वयंपाकाच्या मावशी मूठभर कचरा दाबून दाखवतात: बोटांतून पाणी गळतंय. नुसत्या ओल्या कचऱ्यात हवा खेळत नाही, म्हणून तो कुजण्याऐवजी नासतो. मग एक बादली ओलं की वर दोन बादल्या वाळका पाला, असे थर लागतात आणि आठवड्यातून एकदा खड्डा खालीवर होतो. पाला आंब्याचा, शाळेमागचाच. आता मूठ दाबली की गोळा होतो, पण पाणी गळत नाही. खड्ड्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. खत मात्र लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. तोवर चिमी रोज येऊन विचारते, "झालं काय?"

चिठ्ठी आली. पाच मिनिटं राहिली म्हणे. तर मूळ विषय, बालकथेची भाषा. सीमाभागातल्या पोराच्या कानात दोन भाषा एकदमच असतात. मराठी पुस्तक त्यातली एक पुसून टाकतं, कन्नड पुस्तक दुसरी. माझ्या गोष्टीत 'ओण' काढून 'सुका' घाला, असं एका संपादकांनी सुचवलं. मग गोंधळच राहत नाही, आणि गोंधळ गेला की गोष्ट कुठली? चित्रकारालाही हेच सांगितलंय, पाटी कन्नडच काढ. त्यानं काढली, पण डबे दोन्ही हिरवे रंगवलेत. तेवढं दुरुस्त करून घ्यायचंय.

बरं, चहा आला वाटतं.